मोराचं तोंड कुणीकडे

"ही आपली चादर नव्हं," असं म्हणून अण्णांनी फोन परत दिला. त्यांच्या घरातल्या धाकट्याने मोठ्या हौसेने दाखवलेला फोटो होता तो. मरून आणि मोतिया रंगाची जकार्डची चादर, दोन्ही काठ दिसतील अशी टेबलावर पसरलेली, एक कोपरा मागे वळवलेला. मूळ फोटोत तो कोपरा वहिनींनी धरला होता आणि मागे कांड्यांची टोपली, चहाचा पेला, कात्री, मोजपट्टी, भिंतीवरच्या कॅलेंडरचा अर्धा तुकडा असा सगळा कारखाना आला होता. फोनमधल्या एका ॲपला धाकट्याने "हात आणि पसारा काढून टाक" एवढंच लिहिलं आणि सगळं क्षणात नाहीसं झालं. घरात ज्याने त्याने फोटोचं कौतुक केलं. अण्णांनी मात्र हात गेलाय की राहिलाय हे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर थेट उजव्या काठावर गेली. हात होता त्या जागी ॲपने एक मोर काढला होता. त्याची मान वर जाता जाता पानात मिसळली होती आणि तोंड चादरीच्या बाहेर होतं. "मोर बाहेर कसा बघंल? आमच्या मागावर असा मोर येतच नाही की," अण्णा म्हणाले आणि उठून पुन्हा शेडमध्ये गेले.

मला ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना. 'येत नाही' म्हणाले ते, 'चांगला दिसत नाही' असं म्हणाले नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यंत्रमागाची खटखट आणि खळीचा वास नवा नसतो, पण आवाज ऐकत वाढणं वेगळं आणि मागावर काय येतं, काय येत नाही हे ठाऊक असणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेडमध्ये गेले. अण्णांनी मागाच्या डोक्यावरचं जकार्ड दाखवलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून हळूहळू सरकत होती. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथला हुक वर जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. माळ संपली की पहिला पुठ्ठा पुन्हा येतो आणि नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने ही युक्ती बसवली आणि आज तिचं नाव आपल्याकडच्या चादरीला कायमचं चिकटलंय. पण मला हवं असलेलं उत्तर पुठ्ठ्यांत नव्हतं, हुकाखालच्या दोऱ्यांत होतं. अण्णांच्या या चादरीत काठाच्या प्रत्येक हुकाला दोन दोऱ्या आहेत. एक डाव्या काठातला धागा उचलते, दुसरी उजव्या काठातला, मध्यापासून तेवढ्याच अंतरावरचा. म्हणून डाव्या काठातला मोर उजवीकडे बघतो आणि उजव्या काठातला डावीकडे. दोघंही चादरीच्या मध्याकडे. एकाने मान फिरवायची तर दुसऱ्यालाही फिरवावीच लागेल, कारण दोघांना उचलणारा हुक एकच आहे.

ॲपला हे कुणी सांगितलं होतं?

माझी उमेदीची वर्षं शहरातल्या एका फोटो स्टुडिओत गेली. रोल धुण्याच्या खोलीच्या बाहेर, खिडकीजवळच्या तिरप्या टेबलावर मी रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल, प्रिंटवर बारीक कुंचला आणि पाण्यात कालवलेले करडे रंग. लोक गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून घ्यायला यायचे आणि त्यांच्याकडे त्या माणसाचा एकट्याचा फोटो बहुधा नसायचाच. लग्नाच्या नाहीतर गड्ड्याच्या जत्रेतल्या घोळक्यातून तो चेहरा वेगळा काढावा लागायचा. एक बाई आल्या होत्या, वडिलांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता आणि तो त्यांना नको होता. कुंचला उचलण्याआधी आमच्या मालकांनी त्यांना समोर बसवून विचारलं. कोट बंद गळ्याचा की उघड्या गळ्याचा? खांद्यावर उपरणं होतं का? खिशाला पेन लावायचे का? बाई आठवून आठवून सांगत गेल्या आणि मी कागदावर टिपत गेले. हात पुसणं थोड्या वेळाचं काम असतं. पुसलेल्या जागी काय होतं ते कळायला वेळ लागतो, आणि ते माहीत असणारा माणूस समोर असायचा म्हणून आमचं निभायचं. आज फोनवर तेच काम होतं तेव्हा विचारणारं कुणी नसतं. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण आधीच लिहून द्यायची, एवढाच काय तो ॲपला लिहायच्या सूचनेचा अर्थ. धाकट्याने काय काढायचं ते सांगितलं होतं. त्या जागी काय यायला हवं ते ॲपने आजवर पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून अंदाजाने भरलं. कापडावरचे मोर जगात कुठेही, कसेही बघत असतील. अण्णांच्या मागाचा नियम त्यात असण्याचं कारणच नव्हतं.

सूचना लिहायला बसण्याआधी आपल्या हातातलं साधन कोणत्या जातीचं आहे ते बघावं लागतं, कारण दोन जातींना दोन तऱ्हेने सांगायचं असतं. एका जातीत आपण नको ती जागा बोटाने रंगवून झाकतो आणि शेजारच्या चौकटीत लिहितो. तिथलं लिखाण हे त्या झाकलेल्या जागेत काय दिसायला हवं याचं वर्णन असतं. अशा ठिकाणी "हात काढ" लिहिलं की यंत्राच्या पुढ्यात 'हात' हाच शब्द येतो आणि पुष्कळदा ते नवा हात काढून मोकळं होतं. तिथे हाताचा उल्लेखच करायचा नाही. "मरून जमिनीवर मोतिया मोर, सुती विणकाम" असं त्या जागेचं वर्णन द्यायचं. दुसऱ्या जातीत आपण अख्खा फोटो देतो आणि वाक्यात सांगतो की हे काढ, ते ठेव. तिथे 'काढ' म्हणणं योग्यच असतं, पण ते यंत्र अख्खा फोटो नव्याने रंगवतं, त्यामुळे काय बदलायचं नाही हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं लागतं. धाकट्याचं ॲप दुसऱ्या जातीचं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्याच्याकडून आधी करून घेतली. त्याने तो फोटो मला व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला होता. तसा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि चादरीच्या बाबतीत पहिला बळी धाग्यांचा जातो. उभ्या-आडव्या विणीचा बारीक खडबडीतपणा गेला की कापड छापल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली आणि दोन्ही शेजारी ठेवून त्याला दाखवल्या. "काकू, हे तर दोन वेगळ्या चादरींचे फोटो वाटायलेत," तो म्हणाला.

पसारा आणि हात एकाच सूचनेत काढायचे नाहीत असं आम्ही ठरवलं. पसारा सोपा असतो, कारण त्याच्यामागे काय आहे ते फोटोतच आजूबाजूला दिसतं. भिंत आहे आणि टेबल आहे. शिवाय तिथे थोडं चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, गिऱ्हाईक भिंत विकत घेत नाही. पहिली सूचना अशी लिहिली:

```
मागची टोपली, पेला, कात्री, मोजपट्टी आणि कॅलेंडर काढून टाक.
त्या जागी साधी फिकट राखाडी भिंत आणि रिकामं लाकडी टेबल दाखव.
चादर, तिच्यावरचा हात, लेबल, रंग आणि फोटोची चौकट
जशीच्या तशी ठेव.
```

"पसारा" हा शब्द मी मुद्दाम टाळला. आपल्या डोळ्यांना कात्री पसारा वाटते आणि चादरीच्या दशा माल वाटतात, यंत्राला तो भेद कसा कळावा? धाकट्याच्या पहिल्या फोटोत खालच्या दशांपैकी अर्ध्या गायब होत्या, टेबलावर पडलेले सुटे दोरे समजून त्यांचीही सफाई झाली होती. तेव्हापासून आमच्याकडे काढायच्या वस्तू एकेक नाव घेऊन लिहिल्या जातात. आणि एक वस्तू काढली की तिची सावलीही गेलीय ना ते बघितलं जातं. पेला गेला होता, टेबलावरची त्याची लांबट सावली मात्र तशीच पडून होती.

हाताचं काम खरं अवघड होतं. हात म्हणजे नुसती बोटं नसतात. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, बांगड्यांची चमक चादरीवर पडली होती, पंजाखाली गडद सावली होती आणि अंगठ्याच्या चिमटीतून सुरकुत्या बाहेर पसरल्या होत्या. जागा झाकायच्या साधनात यातलं काही बाहेर राहिलं, बोटाची एक कड जरी उरली, तरी यंत्र तिच्यावरून पुन्हा बोट उभं करतं. म्हणून झाकताना कडेच्या थोडं बाहेरपर्यंत झाकायचं आणि लिहिताना सावलीचं नाव घ्यायचं. पण सगळ्यात मोठा प्रश्न आधाराचा. वहिनींनी कोपरा हवेत धरला होता. हात गेला की तो कोपरा कुणी धरायचा? पहिल्या फोटोकडे बघताना काहीतरी खटकत होतं ते हेच. मोर बाजूला ठेवला तरी तो कोपरा अधांतरी तरंगत होता. आता तो टेबलावर सपाट पसरायचा तर यंत्राला कितीतरी जास्त कापड कल्पनेने विणावं लागलं असतं. त्यापेक्षा वळलेला कोपरा चादरीवरच टेकवायचा असं ठरलं, म्हणजे कापडाची ठेवण जवळपास तशीच राहते.

वळलेल्या कोपऱ्याने आणखी एक प्रश्न उभा केला, आणि तो मला सुचला नव्हता, वहिनींनी काढला. या चादरीची उलटी बाजू म्हणजे रंगांची अदलाबदल असते. वर मरून जमिनीवर मोतिया नक्षी, तर खाली मोतिया जमिनीवर मरून. वहिनींनी कोपरा उलटून धरला होता तोच मुळी गिऱ्हाइकाला हे दिसावं म्हणून! यंत्राने मात्र वळलेल्या भागावरही वरचीच बाजू काढून ठेवली होती. वहिनींचं म्हणणं बरोबर होतं, चादर घेताना सोलापुरात कुणीही आधी कोपरा उलटून बघतं. मग दुसरी सूचना तिघांनी मिळून लिहिली. शब्द माझे, माहिती त्यांची.

```
फोटोच्या उजव्या कडेतून आलेला हात, हिरव्या बांगड्या,
त्यांची चमक आणि सावली काढून टाक.
चादरीचा कोपरा मागे वळून चादरीवरच टेकलेला आहे.
वळलेल्या भागावर उलटी बाजू दिसते: मोतिया जमीन, मरून नक्षी.
पंजाच्या जागी उजव्या काठातला मोर पूर्ण दिसतो.
तो डाव्या काठातल्या मोराचा उलटा जोडीदार आहे,
तोंड डावीकडे, चादरीच्या मध्याकडे.
चिमटीच्या सुरकुत्या नाहीत. बाकी काहीही बदलू नको.
```

यात "सुंदर कर", "प्रोफेशनल दिसू दे" असं काही नाही. असे शब्द घालायचा मोह होतो हे मला ठाऊक आहे, धाकट्याने तर लिहूनही ठेवले होते. पण त्या शब्दांचा अर्थ यंत्र उजेड आणि रंगांवर काढतं. मरूनचा लाल होतो, मोतियाचा पांढरा शुभ्र होतो, आणि मग चादर घरी पोचल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा आला. ट्यूबलाइटची हिरवट झाक घालवायची असेल तर ते काम वेगळं, मूळ फोटोवर, चादर खिडकीत धरून आणि डोळ्यांनी जुळवून करायचं. सूचनेत नाही.

यावेळी आलेल्या फोटोत मोर आत बघत होता. कोपऱ्याची उलटी बाजू मोतिया होती. वहिनी खूश झाल्या. अण्णा जेवायला आले तेव्हा कडक भाकरी मोडता मोडता त्यांनी फोन मागितला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि पिसाऱ्यावर थांबले. डाव्या मोराच्या पिसाऱ्यात जितके डोळे होते तितके उजव्यात नव्हते, एक कमी होता. "हुक चुकला तर असं होतं," ते म्हणाले, पण या वेळी फोन लगेच परत केला नाही.

इथपर्यंतच सूचनेचा हात पोचतो, असं मला वाटतं. तोंड कुणीकडे, जमीन कोणती, दशा कुठे, हे शब्दांनी सांगता येतं. नक्षी धाग्याला धागा जुळवणं शब्दांनी होत नाही, कारण हे यंत्र नक्षी मोजत नाही, तशी दिसणारी काहीतरी काढतं. सूचना कितीही लांब केली तरी तो डोळा एकदा कमी येईल नाहीतर एकदा जास्त. पण आमच्याकडे खरा मोर होताच की, डाव्या काठात, पूर्ण आणि विणलेला. संगणकावर फोटोपीया उघडलं, ते ब्राउझरमध्येच चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मूळ फोटोतला डावा मोर काठासकट कापून घेतला, आडवा उलटवला आणि उजव्या काठावर ठेवला. फोटो नेमका मधोमध उभं राहून काढला नव्हता, त्यामुळे तो तुकडा थोडा तिरका करून काठाच्या रेघेशी बसवावा लागला. डावी बाजू खिडकीकडे होती म्हणून तो उजळ होता, त्याला थोडा काळोख दिला. एका हुकाच्या दोन दोऱ्यांनी मागावर जे केलं असतं तेच हे झालं, म्हणून या उसन्या मोराबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

शेवटची तपासणी करताना मी जी गोष्ट पाहिली ती धाकट्याला फार लागली. मूळ फोटो खाली, सुधारलेला वर, आकार तंतोतंत जुळवून दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि वरच्या थराची मिसळण्याची पद्धत `Difference` केली. दोन फोटोंत जिथे काहीच बदललं नाही तिथे अशा वेळी काळं दिसतं. म्हणजे भिंत, टेबल आणि हाताची जागा उजळ दिसायला हवी होती, बाकी चादर काळी. प्रत्यक्षात अख्खी चादर करड्या ठिपक्यांनी लुकलुकत होती. "बाकी काहीही बदलू नको" असं लिहूनही यंत्राने सगळी चादर नव्याने रंगवली होती. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हतं, पण मोठं करून पाहिल्यावर वीण गुळगुळीत झालेली होती आणि लेबलावरची मराठी अक्षरं नुसत्या काना-वेलांट्यांचा गुंता झाली होती. यावर उपाय साधा आहे. मूळ फोटो सर्वांत वर ठेवायचा आणि त्याला मास्क लावून फक्त हाताच्या आणि पसाऱ्याच्या जागी भोक पाडायचं. भोकातून खालचं सुधारलेलं चित्र दिसतं, बाकी सगळी चादर कॅमेऱ्याने टिपलेलीच राहते. भोकाची कड थोडी मऊ केली की सांधा दिसत नाही. मोठा फोटो दिला तरी परत येणारं चित्र पुष्कळदा लहान असतं, म्हणून ते आधी ताणून जुळवावं लागतं आणि तेवढ्या भागात वीण जरा पुसट राहते. हात जितका लहान, तितकं हे कमी खटकतं.

ते काम चालू असताना हाताजवळ एक बारीक गाठ दिसली, तुटलेला धागा जोडल्याची. यंत्राच्या चित्रात ती नव्हती, मूळ फोटो वर आणल्यावर ती परत आली. धाकटा म्हणाला, राहू दे की तशीच पुसलेली. मी अण्णांना विचारलं, अशी गाठ प्रत्येक चादरीत येते का? एखाद्या चादरीत येते, सगळ्या काही तशा नसतात, ते म्हणाले. मग ती पुसली. फोटो एका चादरीचा असला तरी विक्रीला सगळा गठ्ठा आहे, आणि एका चादरीतली खोट सगळ्या गठ्ठ्याची म्हणून दाखवणं हेही खोटंच. गाठ प्रत्येकीत येत असती तर मी तिला हात लावला नसता. यावर आमचं थोडं वाजलं, कारण धाकट्याला दोन्हीकडे पुसणंच सोयीचं वाटत होतं.

आता हाताबद्दल. मोठ्या ऑनलाइन बाजारांत यादीतल्या पहिल्या फोटोत बहुधा हात चालत नाही. ठीक. पण हात गेल्यावर त्या फोटोकडे बघताना मला काठाची रुंदी कळेना. मोर वीतभर आहे की बोटभर? वहिनींच्या पंजाने ते न बोलता सांगितलं होतं. मापं खाली लिहिलेली असतात, पण कापडाची जाडी चिमटीत कशी येते ते इंचांत लिहिता येत नाही. म्हणून दुसऱ्या क्रमांकावर हातासकट फोटो ठेवायचा असं मी सुचवलं, नुसता पसारा काढलेला. वहिनींना ते आधी पटेना. "माझा हात कशाला? नखं बघा कशी झालीत." मग त्यांनी दुसऱ्या दिवशी मेंदी काढून, नव्या बांगड्या भरून, पुन्हा कोपरा धरला. मला जुना फोटो जास्त आवडत होता. पण हात त्यांचा, निर्णयही त्यांचा.

हे कळल्यावर गल्लीतल्या एक मावशी शेंगाचटणीच्या पाकिटाचा फोटो घेऊन आल्या. त्या घरी खलबत्त्यात कुटून चटणी करतात. पाकीट हातात धरलेलं, मागे स्वयंपाकघराचा ओटा, बोटांखाली वजन आणि तयार केल्याची तारीख. त्यांना वाटलं, चादरीसारखंच करून मिळेल. मी फोटो मोठा करून नीट पाहिला. तारखेला कुठे जोडीदार नसतो, की डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी. बोटाखालचा आकडा यंत्राने भरला तर तो कुठलाही असेल, आणि खाण्याच्या वस्तूवर कुठलाही आकडा चालत नाही. मी त्यांना म्हटलं, मावशी, याला सूचना लिहायची नाही. पाकीट खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर उभं करा, मागे पितळेच्या डब्याचा टेका द्या आणि परत फोटो काढा. त्यांनी तिथल्या तिथे, माझ्याच खिडकीत काढला.